शाळेची फी हप्त्यांत भरण्यासाठीचा अर्ज

घराचे उत्पन्न अचानक घटल्यावर पालक शाळेला जो अर्ज देतात, त्यात बहुतेक वेळा दोन मागण्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक मागणी फी कमी करण्याची असते. दुसरी मागणी फी तेवढीच ठेवून ती भरायला मुदत देण्याची असते. शाळेच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टींत मोठे अंतर आहे. फी कमी करणे म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावर कायमचे पाणी सोडणे. तो निर्णय मुख्याध्यापकांच्या हातात सहसा नसतो, संस्थेचे पदाधिकारी तो घेतात आणि त्यांची बैठक कधी होईल याचा नेम नसतो. हप्ते देताना मात्र शाळेचा एक रुपयाही बुडत नाही, फक्त तो उशिरा येतो. त्यामुळे मुख्याध्यापक आणि लेखा विभाग मिळून हा प्रश्न अनेकदा आठवड्याभरात सोडवू शकतात. ‘फीमध्ये काही सवलत किंवा हप्ते मिळावेत’ असे मोघम लिहिलेला अर्ज मात्र सवलतीचा अर्ज समजला जातो आणि संस्थेच्या फाइलीत जाऊन पडतो. ज्याला हप्ते हवे आहेत, त्याने फक्त हप्तेच मागावेत.

हा प्रश्न मुख्यतः विनाअनुदानित शाळांमध्ये येतो. तिथे शिक्षकांचे पगार, इमारतीचे भाडे, विजेचे बिल असा सगळा खर्च फीमधूनच भागतो. वर्षाची फी दोन किंवा तीन टप्प्यांत घेतली जाते, पण पगार मात्र दरमहा द्यावे लागतात. म्हणून लेखा विभागाला पालकाच्या अडचणीपेक्षाही एक गोष्ट आधी जाणून घ्यायची असते: पैसे कोणत्या तारखेला आणि किती येणार? अर्जात याचे उत्तर असेल तर बाकीचा मजकूर चार ओळींचा असला तरी चालतो. उत्तर नसेल तर दोन पानी करुण कहाणीनेही काम होत नाही.

कायद्याची बाजू आधीच स्पष्ट असलेली बरी. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 या कायद्याने फी ठरवण्याची पद्धत घालून दिली आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव ठेवावा लागतो आणि मंजूर झालेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. फी किती असावी याचा हा कायदा आहे. एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न घटले म्हणून त्याला हप्ते पाडून मागण्याचा हक्क त्यातून थेट मिळत नाही. करोनाच्या काळात राज्य सरकारने 8 मे 2020 रोजी निर्णय काढून मासिक किंवा त्रैमासिक फी भरण्याचा पर्याय पालकांना द्यावा असे शाळांना सांगितले होते. त्या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि त्याच वर्षी त्याला स्थगितीही मिळाली. पुढे 3 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात, म्हणजे ‘इंडियन स्कूल, जोधपूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, 2020-21 या वर्षाची फी सहा समान मासिक हप्त्यांत भरू देण्याचा आदेश दिला. ज्यांना तेही जमणार नाही अशा पालकांनी शाळेकडे स्वतंत्र निवेदन द्यावे आणि शाळेने प्रत्येक प्रकरण सहानुभूतीने तपासावे, असेही त्या निकालात आहे. हा आदेश त्या राज्यापुरता आणि त्या वर्षापुरता होता. आज तो हक्क म्हणून पुढे करता येत नाही. पण निवेदन एकेका कुटुंबाच्या परिस्थितीनुसार तपासायचे असते, ही त्यातली पद्धत आजही वाजवी म्हणून मांडता येते. थोडक्यात, हा अर्ज विनंतीचाच आहे. त्यात कलमे उद्धृत करून दरडावण्याची भाषा आली की मुख्याध्यापक तो संस्थेच्या वकिलाकडे पाठवतात आणि महिना निघून जातो.

अर्ज लिहिण्याआधी घरी बसून करायचा हिशेब हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तो एका उदाहरणावरून नीट कळतो. पिंपरी-चिंचवडमधले एक नमुना कुटुंब घेऊ. वडील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते, आई एका दवाखान्यात नोकरी करते, मुलगी सातवीत शिकते आणि आजी घरी असते. दोघांचे मिळून महिन्याला 54,000 रुपये येत. सप्टेंबरअखेर कारखान्यातली एक लाइन बंद झाली आणि वडिलांची नोकरी गेली. ऑक्टोबरमध्ये त्यांना कंत्राटी काम मिळाले, पण पगार 16,000 रुपये. आईचे 16,000 धरून घरात आता 32,000 येतात. शाळेची वार्षिक फी 84,000 रुपये आहे. त्यातला निम्मा भाग जूनमध्ये भरून झाला आहे आणि उरलेले 42,000 रुपये 15 नोव्हेंबरपर्यंत भरायचे आहेत.

आता न टाळता येणारा खर्च. घरभाडे 9,500, किराणा, दूध आणि गॅस 9,000, वीज आणि मोबाइल 1,500, आजीची औषधे 2,200, मुलीची स्कूल व्हॅन 1,800 आणि दोघांचा कामावर जाण्या-येण्याचा खर्च 1,000. बेरीज 25,000 रुपये. म्हणजे महिन्याला 7,000 रुपये उरतात. शिवाय वडिलांच्या जुन्या कंपनीकडून शिल्लक रजेचे आणि नोटिशीच्या काळाचे मिळून 18,000 रुपये यायचे आहेत आणि ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळतील असे कंपनीने ईमेलने कळवले आहे.

अशा वेळी बहुतेक पालक घाबरून मोठा हप्ता कबूल करतात. 42,000 ला चाराने भागले की 10,500 येतात आणि ‘चार महिन्यांत फेडतो’ हे ऐकायलाही बरे वाटते. पण महिन्याला उरतात सात हजार. पहिला हप्ता उसनवारी करून जातो, दुसरा कंपनीच्या पैशांतून जातो आणि पुढे थोडाही जादा खर्च आला की गाडी अडते. एकदा कबूल केलेला हप्ता चुकला की दुसऱ्या अर्जाला पहिल्याइतकी किंमत राहत नाही. म्हणून लहान पण खात्रीचा हप्ता शाळेलाही अधिक उपयोगाचा ठरतो. या कुटुंबाला झेपेल अशी मांडणी अशी होईल: 15 नोव्हेंबरला 5,000, कंपनीचे पैसे आल्यावर 10 डिसेंबरला 15,000 आणि त्यानंतर जानेवारी ते एप्रिल दर महिन्याच्या 10 तारखेला 5,500 रुपये. पहिल्या दोन हप्त्यांचे 20,000 आणि नंतरच्या चारांचे 22,000 मिळून 42,000 पूर्ण होतात. जानेवारीपासून दरमहा दीड हजार रुपये हातात राहतात, ते आजारपणासाठी किंवा भाडेवाढीसाठी. उरणारा सगळाच्या सगळा पैसा हप्त्यात घातलेला हिशेब पहिल्या तापासोबतच कोलमडतो.

या मांडणीत तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. मूळ मुदतीच्या दिवशीच काहीतरी रक्कम दिली आहे, भले ती 5,000 असो. त्यामुळे लेखा विभागाच्या नोंदीत हे खाते ‘काहीच न भरलेल्या’ यादीत पडत नाही. हप्त्याची तारीख पगार झाल्यानंतरची ठेवली आहे. आणि शेवटचा हप्ता एप्रिलच्या 10 तारखेला, म्हणजे वार्षिक निकालाच्या आधी संपतो. शाळा सहसा चालू वर्षाची बाकी पुढच्या वर्षात जाऊ द्यायला तयार नसते. मेअखेरपर्यंत लांबवलेल्या हप्त्यांना नकार मिळतो तो याच कारणाने.

अर्ज कधी द्यावा, हेही ठरलेले आहे: मुदत संपण्याआधी. मुदत उलटल्यावर दिलेला अर्ज थकबाकीदाराचा अर्ज असतो आणि तोवर विलंब शुल्क सुरू झालेले असते. दुसऱ्या सत्राच्या फीच्या बाबतीत मध्ये दिवाळीची सुटी येते आणि त्या काळात शाळेचे कार्यालय जेमतेम चालते. म्हणून या कुटुंबाने ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच अर्ज देणे योग्य. उत्पन्न घटल्यावर दोन-तीन महिने ‘बघू, काहीतरी होईल’ म्हणत थांबणे स्वाभाविक असले तरी ते महागात पडते.

अर्जाचा मजकूर साधारण असा असू शकतो:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय: दुसऱ्या सत्राची फी सहा हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळण्याबाबत
विद्यार्थिनी: (नाव), इयत्ता सातवी, तुकडी ब, जनरल रजिस्टर क्र. ....

महोदय,

माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता पहिलीपासून शिकत आहे. तिची आजवरची फी वेळेत भरली असून चालू वर्षाच्या पहिल्या सत्राचे 42,000 रुपयेही जूनमध्ये भरले आहेत (पावती क्र. ....).

माझी नोकरी 30 सप्टेंबर रोजी कारखान्यातील विभाग बंद झाल्यामुळे संपली. आमचे कौटुंबिक मासिक उत्पन्न 54,000 रुपयांवरून 32,000 रुपयांवर आले आहे. त्यामुळे दुसऱ्या सत्राचे 42,000 रुपये 15 नोव्हेंबर रोजी एकरकमी भरणे शक्य नाही. ही संपूर्ण रक्कम पुढीलप्रमाणे भरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

15 नोव्हेंबर: 5,000 रुपये
10 डिसेंबर: 15,000 रुपये
10 जानेवारी, 10 फेब्रुवारी, 10 मार्च व 10 एप्रिल: प्रत्येकी 5,500 रुपये
एकूण: 42,000 रुपये

वरील तारखा पाळल्यास विलंब शुल्क लावू नये आणि ऑनलाइन प्रणालीत हप्त्याची रक्कम भरण्याची सोय करून द्यावी. परिस्थिती सुधारल्यास उरलेली रक्कम मुदतीआधी भरेन. एखाद्या हप्त्यास अडचण येणार असल्यास तारखेआधी लेखी कळवेन.

या विषयावरील सर्व पत्रव्यवहार माझ्या खालील क्रमांकावर करावा; मुलीकडे निरोप देऊ नये, ही नम्र विनंती. आपला निर्णय 31 ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावा.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक, दिनांक)

सोबत: सेवासमाप्तीचे पत्र, आधीच्या दोन महिन्यांच्या व नव्या कामाच्या पगारपत्रकाच्या प्रती, येणे रकमेबाबत कंपनीचा ईमेल.

या मजकुरातल्या काही जागा साध्या दिसतात, पण त्यांच्यामुळेच काम होते. जनरल रजिस्टर क्रमांक हा विद्यार्थ्याचा शाळेतला कायमचा क्रमांक आहे. एकाच आडनावाच्या दहा मुली असलेल्या शाळेत लेखनिकाला खाते त्यावरूनच सापडते. आजवर फी वेळेवर भरल्याचे वाक्य पावती क्रमांकासह लिहिले की ते पुरावा ठरते. ऑनलाइन प्रणालीचा उल्लेख तर अनेकांना सुचतच नाही. शाळांची फी भरण्याची ॲप बहुधा पूर्ण सत्राची रक्कमच स्वीकारतात. हप्ता मंजूर झाला तरी लेखा विभागाने ती सोय चालू केली नाही, तर 15 नोव्हेंबरला पैसे हातात असूनही भरता येत नाहीत आणि ॲप मात्र आपोआप दंड मोजत राहते, स्मरणाचे संदेश पाठवत राहते.

किती पुरावे जोडावेत, याबाबत पालक एकतर काहीच देत नाहीत किंवा सगळे कपाट रिकामे करतात. उत्पन्न किती होते, ते का घटले आणि आता किती आहे, एवढे दाखवणारे कागद पुरेत. बँकेचे पान जोडायचेच असेल तर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकावेत. आजीच्या दवाखान्याची कागदपत्रे आणि घरमालकाची नोटीस शाळेला नको असते, आणि एकदा दिलेला कागद कोणाकोणाच्या हातातून फिरेल हे पालकाच्या हातात राहत नाही. ज्यांचे उत्पन्न रोखीचे आहे, उदाहरणार्थ रिक्षाचालक, भाजीविक्रेते किंवा छोटे दुकानदार, त्यांच्याकडे पगारपत्रक नसते. त्यांनी बँकेच्या किंवा यूपीआयच्या सहा महिन्यांच्या जमा रकमांचा उतारा आणि उत्पन्न घटण्याचे कारण दाखवणारा एखादा कागद द्यावा. गाळा बंद झाल्याची नोटीस किंवा गाडी कर्जदात्याने ताब्यात घेतल्याचे पत्र, असे काहीही चालते.

अर्ज दोन प्रतींत काढून कार्यालयात द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो हा अर्ज ठरत नाही. फीच्या बाबतीत वर्गशिक्षिकेला कोणताच अधिकार नसतो आणि तिला मध्ये घातल्याने मुलीची परिस्थिती वर्गात चर्चेला येण्याची शक्यता तेवढी वाढते. मुख्याध्यापकांनी तोंडी ‘हो, भरा सावकाश’ म्हटले तरी लेखी होकार मागावा. मार्चमध्ये लेखनिक बदललेला असतो आणि तोंडी शब्दाची नोंद कुठेच नसते. शाळा लेखी पत्र देत नसेल तर पालकाने स्वतःच शाळेच्या ईमेलवर ‘आज झालेल्या भेटीत पुढील हप्ते मान्य झाले’ असे लिहून तारखा नमूद कराव्यात.

होकार देताना शाळा कधी कधी दोन अटी घालते आणि त्या दोन्ही समजून घ्यायला हव्यात. पहिली अट पुढच्या तारखांच्या धनादेशांची. सहा हप्त्यांचे सहा धनादेश आधीच लिहून द्यायला सांगितले जाते. खात्यात पैसे नसल्यामुळे धनादेश परत गेला आणि त्यानंतर आलेल्या नोटिशीप्रमाणे रक्कम भरली नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली तो गुन्हा होतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे जी साधी थकबाकी होती, ती फौजदारी प्रकरण बनते. ज्याचे नवे काम कंत्राटी आहे, त्याने धनादेशांऐवजी दर महिन्याला ऑनलाइन किंवा काउंटरवर भरण्याची मुभा मागावी. शाळा अडूनच बसली तर निदान एका वेळी एकच धनादेश देण्याचा आग्रह धरावा.

दुसरी अट अधिक फसवी असते, कारण ती सोय म्हणून समोर येते. काही शाळांचे वित्तकंपन्यांशी करार असतात. ‘हप्ते हवेत ना, मग या ॲपवर नोंदणी करा’ असे सांगितले जाते. तिथे वित्तकंपनी शाळेला पूर्ण फी एकदम देते आणि पालक त्या कंपनीचा कर्जदार होतो. व्याज शून्य दाखवले तरी प्रक्रिया शुल्क असू शकते, खात्यातून आपोआप कपात होते आणि हप्ता चुकला तर दंड लागून त्याची नोंद पतअहवालात जाते. शाळेचा हप्ता चुकला तर मुख्याध्यापकांना भेटून बोलता येते, वित्तकंपनीच्या वसुली विभागाशी तसे बोलता येत नाही. नोकरी नुकतीच गेलेल्या माणसाने नवे कर्ज अंगावर घेण्यापेक्षा शाळेकडूनच थेट हप्ते मागावेत. कर्ज घ्यावेच लागले तर एकूण परतफेड किती हा आकडा सही करण्याआधी पाहावा.

नकार आला तर लगेच तक्रारीवर जाऊ नये. नकाराचे कारण लेखी विचारावे आणि दुरुस्त प्रस्ताव द्यावा. बहुतेक वेळा अडचण पहिल्या हप्त्याच्या रकमेची किंवा शेवटच्या तारखेची असते. वरच्या उदाहरणात शाळेने पहिला हप्ता 10,000 चा मागितला तर ते कुटुंब स्कूल व्हॅन बंद करून आजीने मुलीला सोडायचे ठरवू शकते आणि महिन्याचे 1,800 रुपये वाचवू शकते. वाहनाचे पैसे बहुधा शिक्षणशुल्कापासून वेगळे आकारले जातात, त्यामुळे तो भार स्वतंत्रपणे कमी करता येतो. त्यानंतरही मार्ग निघाला नाही तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतल्या पालक प्रतिनिधींना भेटावे आणि संस्थेच्या सचिवांना अर्जाची प्रत द्यावी.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाण्याची वेळ वेगळ्या कारणाने येते. ते हप्ते पाडून देऊ शकतील याची खात्री नाही. पण फी बाकी असल्याबद्दल मुलीला वर्गाबाहेर उभे केले, तिचे नाव वर्गात पुकारले किंवा शाळेतून काढण्याची भाषा केली, तर तो प्रश्न वेगळा होतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही आणि कलम 17 नुसार मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. अशा घटनेची तारीख आणि तपशील लिहून शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते. मुंबईत ती शिक्षण निरीक्षकांकडे जाते. याच कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांचा मात्र या कुटुंबाला उपयोग नाही, कारण तो प्रवेश शाळेच्या पहिल्या पायरीवरच, म्हणजे पूर्वप्राथमिक किंवा पहिलीच्या वर्गातच होतो. सातवीत असताना उत्पन्न घटलेल्या घराला ते दार बंद आहे.

हप्ते सुरू झाल्यावर प्रत्येक पावतीवर ‘बाकी’ म्हणून छापलेला आकडा आपल्या हिशेबाशी ताडून पाहावा. विलंब शुल्क कुठे शिरले असेल तर ते तिथेच दिसते आणि त्याच महिन्यात काढून घेणे सोपे असते. एखाद्या महिन्यात हप्ता जमणार नसेल तर 10 तारखेच्या आधी दोन ओळींचे पत्र द्यावे आणि जमेल तेवढी रक्कम तरी भरावी. शेवटच्या हप्त्यानंतर दोन्ही सत्रांची फी पूर्ण मिळाल्याचे लेखी घ्यावे. हा अर्ज फक्त चालू वर्षाचा असतो, तो पुढच्या वर्षाला लागू होत नाही. जूनमध्ये नव्या वर्षाचे पहिले 42,000 रुपये पुन्हा समोर येतात, आणि तोवर उत्पन्न सावरले नसेल तर त्यासाठी नवा हिशेब आणि नवा अर्ज शाळेला सुटी लागण्याआधी, एप्रिलमध्येच द्यावा लागतो.